फोन तुम्ही केलाय ना? मग नाव तुम्ही सांगा!

परवा दुपारी कुकरची तिसरी शिट्टी आणि फोन एकदमच वाजले. नंबर अनोळखी. हात कणकेने बरबटलेले, म्हणून करंगळीने कसाबसा फोन उचलला. "हॅलो." पलीकडूनही "हॅलो." मग शांतता. मी पुन्हा हॅलो म्हटलं, तर खणखणीत आवाजात मलाच प्रश्न आला, "कोण बोलतंय?"

अहो, फोन तुम्ही केलाय! नंबर तुम्ही दाबलाय! आणि कोण बोलतंय ते मी सांगू?

तोंडून निघून गेलं, "आपण कोण?" दोन सेकंद नुसता श्वास. मग, "अगं, मामा बोलतोय. कराडचा. विसरलीस होय?" माझे मामेसासरे. नवीन सिम घेतलेलं, नंबर कुणालाही कळवलेला नाही, पण मला तो ओळखता यायला हवा! संध्याकाळपर्यंत सासूबाईंकडे तक्रार पोचली. "तुझी सून फौजदारासारखी चौकशी करते."

आता माझं चुकलं कुठे? मी तर चांगलं "आपण" म्हटलं होतं. नंतर भाकऱ्या थापता थापता विचार केला तेव्हा कळलं की नुसतं "आपण" लावून भागत नाही. "आपण कोण?" म्हटलं की वाक्य तिथेच आपटतं, समोरच्याला दारात उभं केल्यासारखं होतं. "कोण तुम्ही?" तर सरळ भांडणाची सुरुवात. आणि "कोण बोलतंय?" म्हटलं की समोरचा माणूस बाई नाही, बुवा नाही, डायरेक्ट नपुंसकलिंगी होऊन बसतो. "कोण बोलताय आपण?" जरा बरं, कारण बाई-बुवा ठरवावं लागत नाही आणि मानही राहतो. पण तेही तोडून म्हटलं की संपलं.

लँडलाइन होती तेव्हा ही भानगडच नव्हती. फोन घराचा असायचा, माणसाचा नाही. "कोणाचा फोन आला म्हणून सांगू?" हे एक वाक्य आम्हाला शाळेत जायच्या वयात पाठ होतं. काय सुंदर वाक्य होतं ते! मला तुमच्यावर संशय नाही हो, बाबांना निरोप द्यायचाय म्हणून विचारते. सगळा दोष बाबांवर. आता मोबाइल माझा, उचलणार मी, मग कोणाला सांगू म्हणून विचारू? कुकरला?

म्हणून आता मी दोष फोनवर ढकलते. "माझा फोन बदललाय हो, नावं सगळी गेलीत. कोण बोलताय?" कारण आधी, प्रश्न नंतर. उलटं केलं की कारण सबबीसारखं वाटतं. हे नातेवाइकांवर चालतं. मात्र वर्षभरात एकाच मावशीला दोनदा सांगू नका, मी सांगून बसलेय. "आवाज नीट येत नाहीये" ही युक्ती तर अजिबात करू नका. पलीकडचा माणूस नाव सांगत नाही, गॅलरीत जाऊन "आता येतोय का? आता?" असं ओरडत बसतो.

आणि काही जण स्वतःहून कोडी घालतात. "ओळख पाहू कोण?" अरे, माझ्याकडे वेळ आहे का? गॅसवर दूध आहे! यात आणखी धोका असा की आपण गडबडीत "कोण, संजूदादा का?" म्हटलं की फसवणारा लगेच संजूदादा होतो आणि दहा मिनिटांत पैसे मागतो. म्हणून नाव सुचवायचं नाही, त्याच्याकडूनच वदवायचं. स्वतःचं नावही आधी द्यायचं नाही. "बोला, कोण पाहिजे आपल्याला?" एवढंच. खरं काम असलेला माणूस लगेच तुमचं नाव घेतो आणि पाठोपाठ स्वतःचं सांगतो. कर्ज विकणारी पोरगी मात्र माझं नाव अचूक घेते, स्वतःचं इतक्या भरभर सांगते की बँक कोणती तेसुद्धा कळत नाही.

कुरिअरवाल्याला तर नावच नसतं. "मॅडम, खाली आलोय." कोण? कुठे खाली? कुठल्या बिल्डिंगच्या? त्याला निदान घाई असते, त्याला माफ.

पण मामांना नाही. काल पुन्हा आणखी एका नव्या नंबरवरून फोन. "हॅलो." "हॅलो." शांतता. मी शिकले होते ना! मधाळ आवाजात म्हटलं, "नमस्कार मामा, बोला." पलीकडून एक बाई म्हणाल्या, "मामा कोण? मी गॅस एजन्सीतून बोलतेय."