शेतीचं उत्पन्न आणि प्राप्तिकर: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवणारा भारत हा जगातला एकमेव देश. बाकी सगळीकडे शेतकरी इतरांसारखाच कर भरतो. आपल्याकडची सूट म्हणजे मतांसाठी वाटलेली खैरात. शेती दाखवा, कितीही कमवा, सरकार तिकडे बघतसुद्धा नाही."

पहिलं वाक्य चूक आहे, आणि ते खोडायला फार लांब जावं लागत नाही. नेपाळच्या प्राप्तिकर कायद्यात व्यक्तीच्या शेती-उत्पन्नाला सूट आहे. मात्र कंपनी काढून शेती केली तर ती मिळत नाही. थायलंडमध्ये शेतकऱ्याने कुटुंबासह पिकवलेल्या भाताच्या विक्रीवर प्राप्तिकर नाही. पाकिस्तानात केंद्राच्या कायद्यात सूट आहे आणि कर लावायचा अधिकार प्रांतांकडे आहे.

दुसऱ्या वाक्यावर मात्र थांबायला हवं, कारण खरा गैरसमज तिथे आहे. श्रीमंत देशांत शेतीवर प्राप्तिकर आहे, हे बरोबर. पण तो 'इतरांसारखाच' नाही. प्राप्तिकराचं माप वर्षाचं असतं आणि उत्पन्न वाढेल तसा दर चढत जातो. शेती या मापात नीट बसत नाही.

सोपा हिशोब करू. समजा 4 लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या 4 लाखांवर 10 टक्के आणि त्यापुढच्या 4 लाखांवर 20 टक्के. नोकरी करणाऱ्याने तीन वर्षं दरवर्षी 4 लाख कमावले, तर त्याला तिन्ही वर्षं कर शून्य. फळबाग असलेल्या शेतकऱ्याला दोन वर्षं हाती काहीच उरलं नाही आणि तिसऱ्या वर्षी 12 लाख आले. त्याला 40 हजार अधिक 80 हजार, म्हणजे 1 लाख 20 हजार कर. तीन वर्षांची कमाई दोघांची सारखीच, 12 लाख. तोटा पुढच्या वर्षी ओढता येतो हे खरं, पण इथे तोटा झालेलाच नाही. ती दोन वर्षं नुसती कोरडी गेली, आणि त्या वर्षांची करमुक्त मर्यादा वाया गेली.

अमेरिकेने यावर जे केलं ते बघण्यासारखं आहे. तिथे पूर्वी उत्पन्नाची सरासरी काढून कर भरायची सोय सर्वांनाच होती. 1986च्या करसुधारणेत ती बंद केली. 1997 साली कायदा करून ती परत आणली ती फक्त शेतकऱ्यांसाठी. मच्छीमारांना 2004 साली त्यात घेतलं. आजची पद्धत अशी: शेतकरी यंदाच्या शेती-उत्पन्नाचा हवा तेवढा भाग बाजूला काढतो, त्याचे तीन समान हिस्से करतो आणि मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नात एकेक मिळवतो. त्या-त्या वर्षीच्या दराने जेवढा कर वाढेल, तेवढाच यंदाच्या करात धरला जातो. हिशोबाच्या फॉर्मचं नाव Schedule J.

दुष्काळाचं उदाहरण तर अगदी बोलकं आहे. चारा-पाणी संपलं की पशुपालक एरवी विकली नसती ती जनावरंही विकतो. पैसा हातात येतो, पण ते त्याचं सगळ्यात वाईट वर्ष असतं. वर्षाच्या मापाने पाहिलं तर मात्र त्याची कमाई वाढलेली दिसते, आणि कर लागतो. म्हणून अमेरिकी कायद्यात, दुष्काळामुळे नेहमीपेक्षा जेवढी जास्त जनावरं विकावी लागली तेवढ्यांचं उत्पन्न एक वर्ष पुढे ढकलता येतं. ऑस्ट्रेलियात पाच वर्षांपर्यंतची सरासरी चालते. शिवाय चांगल्या वर्षी ठरावीक ठेवीत पैसे टाकले की ते त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होतात, आणि काढाल त्या वर्षी कर लागतो. ब्रिटनमध्येही दोन किंवा पाच वर्षांची सरासरी काढता येते.

दुसरी अडचण मोजण्याची आहे. घरी ठेवलेलं धान्य, राखलेलं बियाणं, शेतातच राबलेले घरचे हात, स्वतःच्या जनावरांनी खाल्लेला स्वतःचाच चारा, यातलं उत्पन्न किती आणि खर्च किती? जर्मनीसारख्या काटेकोर देशानेही लहान शेतीपुरता हा नाद सोडला. हिशोबवह्या ठेवणं बंधनकारक नसलेला आणि 20 हेक्टरपर्यंत जमीन कसणारा शेतकरी काही अटींवर क्षेत्रफळावरून नफा ठरवू शकतो. हेक्टरी 350 युरो हा मूळ आकडा. खरा नफा किती झाला, ते विचारलंच जात नाही.

आता मतांचा मुद्दा. भारतात 1860च्या पहिल्या प्राप्तिकर कायद्यात शेतीवर कर होता. 1886च्या कायद्याने शेतीचं उत्पन्न वगळलं. तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं, शेतकऱ्याला मत नव्हतं, आणि जमीन सारा भरत होतीच. 1935च्या कायद्याने शेती-उत्पन्नावरच्या कराचा अधिकार प्रांतांना दिला, आणि बिहारने 1938 साली तसा कर लावलासुद्धा. हीच वाटणी राज्यघटनेत आली. सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतली 82वी नोंद शेती वगळून इतर उत्पन्नावरच्या कराची आहे, राज्यांच्या यादीतली 46वी शेती-उत्पन्नावरच्या कराची. म्हणजे घटनादुरुस्तीशिवाय केंद्राला थेट हा कर लावता येत नाही. राज्यांना येतो, केरळ, आसामसारख्या राज्यांनी मळ्यांच्या उत्पन्नावर तो लावलाही होता. बाकीची राज्यं लावत नाहीत यामागे राजकारण आहे, हे मी नाकारत नाही. पण सूट जन्माला आली ती मतांपोटी नव्हे.

'सरकार बघतसुद्धा नाही' हेही खरं नाही. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या समितीच्या 1972च्या शिफारशीनंतर 1973पासून शेतीचं उत्पन्न दर ठरवण्यापुरतं जमेस धरलं जातं. अट अशी की शेती-उत्पन्न 5 हजारांच्या वर हवं आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर. जुन्या करप्रणालीत एखाद्याचं इतर उत्पन्न 6 लाख आणि शेतीचं 4 लाख आहे असं धरू. एकूण 10 लाखांवर कर 1,12,500. शेतीचे 4 लाख अधिक करमुक्त मर्यादेचे अडीच लाख, अशा साडेसहा लाखांवर 42,500. वजाबाकी करून 70 हजार भरायचे, वर उपकर. शेती नसती तर 6 लाखांवर 32,500च भरले असते. शिवाय दूध आणि कोंबडीपालन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शेती-उत्पन्न नाही, आणि मळेवाल्याने स्वतः पिकवून तयार केलेल्या चहाच्या उत्पन्नातला 40 टक्के भाग केंद्राच्या कराखाली येतो.

मेसेज लिहिणाऱ्याचा राग पूर्ण खोटा मात्र नाही. ज्याचं इतर उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, त्याच्या कोट्यवधींच्या शेतीलाही ही बेरीज लागू होत नाही. आपल्याकडे सूट उत्पन्नाच्या प्रकाराला आहे, माणसाला नाही, त्यामुळे कंपनीलाही मिळते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या 2019च्या अहवालात, तपासलेल्या प्रकरणांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक ठिकाणी पुरेशी छाननी न करता सूट दिल्याचं म्हटलं आहे. सातबारा, पीकपाहणी, विक्रीच्या पावत्या आणि त्या भागातलं एकरी उत्पादन एकमेकांशी ताडून पाहिलं, की दोन एकरांत दाखवलेले पन्नास लाख लगेच उघडे पडतात. त्यासाठी ना घटना बदलावी लागते, ना कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात नोटीस पाठवावी लागते.