हत्ती पास झालेला नाही, एक हत्तीण पास झाली

‘आरशात स्वतःला ओळखणारे प्राणी’ अशी एक यादी पुन्हा फिरते आहे. चिंपांझी, हत्ती, मॅगपाय नावाचा पक्षी पास. कुत्रा आणि माकडं नापास. यामागची खूण-चाचणी अशी, की आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी प्राण्याच्या अंगावर खूण करायची आणि आरशात बघून तो तिला हात लावतो का ते पाहायचं. ही यादी दिसली की मला राहवत नाही, कारण त्यात ‘हत्ती’ असं जे लिहिलेलं असतं ते मुळात तीन हत्तिणींवरचं काम आहे आणि त्या तिघींपैकी एकच पास झाली.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी, मॅक्सीन आणि पॅटी या तीन आशियाई हत्तिणी. प्लॉटनिक, द वाल आणि रीस या संशोधकांनी त्यांच्या आवारात आठ फूट उंच, तेवढाच रुंद आरसा लावला. अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. याआधी १९८९ मध्ये पोविनेली या संशोधकांनी वॉशिंग्टनच्या दोन हत्तींना आरसा दाखवला होता आणि ते नापास ठरले होते. पण तो आरसा लहान होता आणि लोखंडी गजांपलीकडे होता. हत्तीला सोंडेनं चाचपता येत नाही, मागे डोकावता येत नाही, अशा जागी ठेवलेला आरसा! ब्राँक्सच्या हत्तिणींनी आधी नेमकं तेच केलं, आरशाच्या मागे काय आहे ते सोंडेनं शोधलं.

मग खरी चाचणी. कपाळाच्या एका बाजूला पांढऱ्या रंगाची फुली काढली आणि दुसऱ्या बाजूला तशीच फुली न दिसणाऱ्या रंगाची. ही दुसरी फुली मला सगळ्या प्रयोगाचा जीव वाटते. ती नसती तर कुणीही म्हणालं असतं की रंगाचा वास आला, कातडीला ओलं लागलं, म्हणून तिनं सोंड नेली. हॅपीनं आरशासमोर उभं राहून दिसणाऱ्या फुलीला पुन्हा पुन्हा सोंड लावली, न दिसणारीला नाही. म्हणजे आरशातली फुली आपल्याच कपाळावर आहे हे तिला उमगलं. इतकं मी पूर्ण विश्वासानं म्हणेन. तिला ‘मी’ची जाणीव आमच्यासारखी आहे, ती स्वतःच्या मनाचा विचार करते, हे मात्र त्या फुलीतून निघत नाही. आरशातलं अंग आणि आपलं अंग एकत्र हलतं, एवढं जुळवता आलं तरी फुलीपर्यंत सोंड पोचते.

मॅगपायचं प्रकरण याहून नाजूक आहे. (हा आपला दयाळ नव्हे. कावळ्याच्या कुळातला काळापांढरा पक्षी, आपल्या टकाचोराचा नातलग.) २००८ साली जर्मनीत पाच पक्ष्यांच्या गळ्यावर, चोचीखाली, रंगीत टिकल्या चिकटवल्या. तिथे आरशाशिवाय त्यांची नजर जात नाही. गळ्याची पिसं काळी, म्हणून तुलनेसाठी काळी टिकलीही लावली, ती दिसणार नाही पण पिसांना जाणवेल. दोघांनी टिकली काढायची स्पष्ट धडपड केली. पुढे २०२० मध्ये स्पेनमधल्या सोलर यांच्या गटानं हाच प्रयोग पुन्हा केला आणि त्यांना तसं काही दिसलं नाही. दोन पक्ष्यांवर उभा असलेला निष्कर्ष अख्ख्या जातीचा म्हणून आपण मिरवतो, हे मला खटकतं.

नापास होण्याचं तर विचारूच नका. १९७० मध्ये गॅलप या मानसशास्त्रज्ञांनी चिंपांझींना दहा दिवस आरसा दिला, मग भूल देऊन भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला. जागे झाल्यावर आरसा नसताना ते रंगाला जवळपास हात लावत नव्हते, आरसा आल्यावर लावू लागले. इथे एक गोष्ट गृहीत धरली आहे, की अंगावर डाग दिसला तर तो पुसावासा वाटणारच. चिंपांझी अंग साफ ठेवणारा प्राणी, त्याला वाटतं. हत्ती स्वतःच माती अंगावर उडवतो. त्याला एका फुलीचं काय? गोरिला डोळ्याला डोळा भिडवणं टाळतो, मग आरशात टक लावून बघणार कसा? माणसाचंच घ्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केनियातल्या दीड ते सहा वर्षांच्या ८२ मुलांपैकी फक्त दोघांनी कपाळावरची खूण काढली. बाकीची ऐंशी मुलं स्वतःला ओळखत नव्हती, असं कुणी म्हणेल का?

हॅपीची प्राणिसंग्रहालयातून सुटका व्हावी म्हणून दाखल केलेल्या खटल्यात याच चाचणीचा हवाला दिला गेला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं ५ विरुद्ध २ मतांनी तो फेटाळला. हॅपीला कळपापासून दूर ठेवू नये असं मलाही मनापासून वाटतं, पण त्यासाठी फुलीचा आधार घेतला की चाचणीत नापास ठरलेल्या दोघींचं काय, हा प्रश्न उरतो.

कारण मॅक्सीननं फुलीला सोंड लावली नाही, पण आरशासमोर उभी राहून तिनं सोंडेनं स्वतःचा कान धरला आणि हळूहळू आरशाकडे ओढला. खूण-चाचणीच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘नापास’ आहे.