खुलासा : केबल कोपराभोवती गुंडाळण्याबद्दल

सध्या असा एक मेसेज फिरतो आहे : “केबल पंजा आणि कोपर यांच्याभोवती एकाच दिशेने घट्ट गुंडाळा, गुंता होत नाही आणि केबल जास्त टिकते.”

जास्त टिकते हे चूक आहे. एकाच दिशेने घातलेल्या प्रत्येक वेढ्यामागे केबलला एक पूर्ण पीळ बसतो. दहा मीटरची माइकची केबल साधारण ४० सेंटिमीटर व्यासाच्या वेढ्यांत गुंडाळली, तर आठ वेढे होतात, म्हणजे आठ पीळ. केबल सरळ ओढली की हे पीळ एखाद्या ठिकाणी गोळा होऊन तिथे गाठीसारखी घडी पडते. तिथे आतल्या तांब्याच्या बारीक तारा ताणल्या जातात, भोवतीची जाळी विस्कटते. वरून काही दिसत नाही, पण केबल हलवली की आवाजात खरखर येते. कोपराच्या टोकाशी तर वाकही फार आवळ पडतो.

यावर उपाय म्हणजे उलटसुलट वेढे. पहिला वेढा नेहमीसारखा. दुसऱ्याला उजव्या हाताचा अंगठा खाली वळवून केबल धरा आणि वेढा आतल्या बाजूने घ्या, म्हणजे पुढची केबल वेढ्याच्या मागून निघते. चार पीळ एकीकडे, चार दुसरीकडे, बेरीज शून्य. वेढे हातात सपाट पडले, आठाच्या आकड्यासारखे उलटले नाहीत, तर जमलं.

फक्त मोकळं टोक वेढ्यांच्या मधून जाऊ देऊ नका, नाहीतर ओढताना गाठींची माळच निघते. बांधायला वेल्क्रोची पट्टी, तीही सैल.

वरचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.