अंगठा दाखवला म्हणे!

गेल्या मंगळवारी सकाळी एचआरच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि विचारलं, "काळे सर, घरी सगळं ठीक आहे ना?"

पाणी आलं तेव्हाच मी समजलो. आमच्याकडे एचआर पाणी दोनच प्रसंगी देतं. एक, माणसाला घरी पाठवायचं असतं तेव्हा आणि दुसरं, माणसाला समजवायचं असतं तेव्हा. सुदैवाने माझा दुसरा प्रसंग निघाला. आरोप असा, की मी शनिवारी रात्री दहा एक्कावन्नला स्टोअर्सच्या ग्रुपवर अंगठा दिला.

झालं होतं ते इतकंच. आमच्या खात्यात सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या ऋतुजाने वार्षिक मोजणीची शीट पूर्ण करून ग्रुपवर टाकली. ४१२ आयटम, त्यातल्या नऊमध्ये फरक आणि प्रत्येक फरकाचं कारण लिहिलेलं. वॉशर कुठे गेले, गास्केट दुसऱ्या रॅकवर कसं सापडलं, सगळं. चौदा ओळींचा मेसेज. मी अंथरुणात होतो. वाचलं, मनापासून खूश झालो, मनात म्हणालो, "पोरगी हुशार आहे," आणि मेसेजवर बोट दाबून अंगठा दिला. दिवा मालवला. सुखाने झोपलो. इकडे पिंपरीत ती पोरगी पहाटे दोनपर्यंत जागी होती. सोमवारी तिने मॅडमना सांगितलं, "सर नाराज आहेत बहुतेक."

"मॅडम, मी खूश होतो म्हणूनच दिला ना!"

"हो सर, पण तो तसा पोचला नाही."

अंगठा पोचला, खुशी वाटेत राहिली. कुरिअरवाल्यांचं होतं तसं.

केबिनमधून बाहेर पडून मी कँटीनमध्ये चहा घ्यायला गेलो, आणि तिथे पेडणेकर बसले होते. पेडणेकरांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही. ते डिस्पॅचला आहेत, येत्या मार्चमध्ये रिटायर होतायत आणि आमच्या ग्रुपमध्येही नाहीत.

"काळे, बसा," बशीतला चहा फुंकत ते म्हणाले. "कोरा दिलात म्हणे."

"काय कोरा?"

"अंगठा हो. स्क्रीनशॉट आलाय."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि पत्रिका बघावी तसा माझा अंगठा बघितला. "हं. मेसेज दहा एक्कावन्नचा. अंगठाही दहा एक्कावन्नचा. चौदा ओळी एका मिनिटात वाचल्यात?"

"मी भराभर वाचतो."

"ते तुम्हाला माहीत. तिला काय दिसलं? न वाचता दिला." त्यांनी एक बोट मिटलं. "दुसरं. त्याच दिवशी दुपारी सावंतने समोश्यांचा फोटो टाकला होता, त्याला तुम्ही बदाम दिलात."

दिला होता. समोसे चांगले होते.

"समोश्याला बदाम आणि स्टॉकशीटला अंगठा! अहो, अंगठा वाईट नसतो, शेजारी काय ठेवलंय त्यावर असतं. आणि तिसरं," इथे त्यांनी आवाज खाली आणला, जसं काही मंगळ निघालाय, "गेल्या महिन्यात तिने पाच ओळींचा मेसेज टाकला तेव्हा तुम्ही लिहिलं होतं, 'वा! छान काम. सोमवारी बोलू.' हो की नाही? पाच ओळींना वा आणि चौदा ओळींना अंगठा. पोरगी मागे जाऊन वाचणार ना! सवय मोडली की माणूस कारण शोधतो. उलट तुम्ही जन्मभर अंगठेच देत आला असतात ना, तर तिला काही वाटलंच नसतं. आमच्या सायबांचं बघा. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेलाही मी अंगठाच घेतला त्यांच्याकडून. वाईट वाटलं? छे! त्यांचा अंगठा म्हणजे श्वास. चालू आहे एवढंच कळतं."

मग त्यांनी मला अंगठ्यांच्या जाती सांगितल्या. मेसेजच्या बुडाला चिकटवलेला, तो हजेरीचा. खाली वेगळा पाठवलेला, तो थोडा मोठा दिसतो म्हणून जास्त टोचतो, कारण त्याच्यानंतर बोलायला जागाच उरत नाही. माणूस जिन्यात भेटून नुसता हात वर करून निघून जावा तसा. अंगठ्यापुढे नमस्कार असला तर सरकारी. दोन अंगठे असले तर माणूस खरंच खूश, तीन असले तर त्याला काहीतरी काम आहे. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाले, "ट्रान्सपोर्टवाल्यांबरोबर. गाडी निघाली का विचारलं की अंगठा येतो. त्याचा अर्थ गाडी निघाली नाही."

पेडणेकरांना उत्तर द्यायचं मला त्या वेळी सुचलं नाही, म्हणून इथे देतो. २०२२च्या मेपर्यंत व्हॉट्सॲपवर मेसेजला चिकटवायचा अंगठा नव्हताच. आमच्या मोठ्या ग्रुपमध्ये ४३ माणसं आहेत. तेव्हा कुणी "उद्या पाणी येणार नाही" असं टाकलं की बेचाळीस वेळा फोन थरथरायचा. "नोटेड सर." "ओके सर." "नोटेड." आणि एक जण हटकून "गुड मॉर्निंग." बेचाळिसाव्या थरथरीला पाणी गेलं त्याचं दुःख संपून सहकाऱ्यांचं सुरू व्हायचं. चिकटवायचा अंगठा आला तो या जाचातून सुटका म्हणून. मी तर त्याला सभ्यपणा समजत होतो: मी वाचलंय, आता तुम्हाला आणखी त्रास देत नाही.

पण खरं सांगायचं तर मराठी माणसाने अंगठ्यावर विसंबायलाच नको होतं. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं. पैसे घेऊन पळाला, हातावर काही ठेवलं नाही, की त्याने अंगठा दाखवला. सही येत नाही तो अंगठेबहाद्दर. सावकाराच्या कागदावर दिला तो अंगठा, आणि द्रोणाचार्यांनी मागून घेतला तोही अंगठाच. आपल्या भाषेत या बोटाने कुणाचं भलं केल्याचं मला आठवत नाही. १९७७ साली एक काळं सरबत बाटलीत भरून त्याच्यावर उभा अंगठा छापला, नावातलं इंग्रजी 'बी' गाळलं, आणि तेव्हापासून आम्हाला अंगठा म्हणजे ढेकर आणि समाधान असं वाटायला लागलं. शिकवण बाटलीची, शब्दकोश आजीचा. दोन्ही एकाच फोनमध्ये.

शिवाय मराठीत होकार शब्दात नसतोच, तो सुरात असतो. "बरं" म्हटलं तर मान्य. "बरं बरं" म्हटलं तर पुरे झालं. "बरंऽऽ" असं लांबवलं तर बघून घेतो तुला. माझी बायको "हं" या एका अक्षरावर अख्खा संसार चालवते. समोरासमोर असतो तर मी ऋतुजाला "बरं" म्हणालो असतो आणि तिला चेहऱ्यावरून कळलं असतं. अंगठ्याला चेहरा नाही. तो पिवळा, गुबगुबीत, हसरा नाही की रागीट नाही. मग वाचणारा त्याच्यावर आपल्याजवळचा चेहरा बसवतो, आणि रात्री अकराला, दोन दिवस वॉशर मोजून दमलेल्या माणसाजवळ चेहरा एकच असतो.

जाता जाता पेडणेकर म्हणाले, "कॅनडात एकाला अंगठ्यापायी दंड झालाय, माहितीय?" मी ते फॉरवर्ड म्हणून सोडून दिलं. घरी येऊन शोधलं, तर खरं निघालं; त्या दिवसातली माझी दुसरी नामुष्की. सस्कॅचवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याला मार्च २०२१मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि करार कन्फर्म करा असं लिहिलं. त्याने 👍 पाठवला. नोव्हेंबरपर्यंत जवसाचे भाव दुपटीच्या वर गेले आणि माल काही पोचला नाही. शेतकरी म्हणाला, अंगठ्याचा अर्थ 'मेसेज मिळाला' एवढाच होता. २०२३मध्ये न्यायालयाने तो अंगठा सही म्हणून धरला आणि भरपाई लावली ८२,२०० डॉलर. २०२४च्या डिसेंबरात अपिलातही तेच. मला चटका बसला तो कारणाचा: याआधी तो माणूस असेच करार 'ओके', 'यप' अशा एकेका शब्दात कन्फर्म करायचा आणि माल पोचवायचा, तेही न्यायालयाने बघितलं. म्हणजे मागचे मेसेज काढून वाचले. पेडणेकरांसारखेच.

आता मी पूर्ण निर्दोष आहे असं नाही. बुधवारी मी साहेबांना दिवाळीनंतरच्या चार दिवसांच्या रजेचा मेसेज केला. नीट, कारणासकट, "आपली हरकत नसल्यास" वगैरे. उत्तर आलं, अंगठा. मी संध्याकाळभर तो अंगठा बघत होतो. मंजूर? की वाचलं? की 'घ्या रजा, मग बघतो'? बायकोला दाखवला. ती म्हणाली, "हं." झालं! आता दोन गोष्टींचा अर्थ लावायचा.

पण मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि तो कुणी विचारला नाही. शनिवारी रात्री दहा एक्कावन्नला ती पोरगी शीट का पाठवत होती? कारण वरून मेसेज होता की रविवारी सकाळपर्यंत पाहिजे. मीच तो पुढे ढकलला होता, "बघ जमतं का" असं लिहून. तिने जमवलं. त्यावर मॅडमनी मला पाणी पाजून अंगठ्याऐवजी दोन शब्द लिहायला शिकवलं. शनिवारची रात्र मात्र तशीच राहिली. पुढच्या वर्षीही मोजणी आहेच, आणि त्या वेळी मी रात्री अकराला "वा! छान काम!" लिहीन. म्हणजे झालं सगळं ठीक.

ऋतुजाला मी सांगितलं, शीट उत्तम होती. ती म्हणाली, "थँक्यू सर, मला वाटलं नऊ फरक जास्त झाले." मी म्हटलं, मागल्या वर्षी एकतीस होते. ती पहिल्यांदा मोकळी हसली. एवढं त्या रात्री टाइप करायला मला वीस सेकंद लागले असते, हे मी कबूल करतो, पण लेखी देणार नाही.

शुक्रवारी मॅडमनी मोठ्या ग्रुपवर टाकलं: "सर्वांनी संवादात आपुलकी ठेवावी, इमोजी विचारपूर्वक वापरावेत." पाच मिनिटांत त्याला सदतीस अंगठे आले. मी धडा घेतलेला माणूस. मी एकट्याने शब्दात उत्तर लिहिलं: "हो मॅडम. नक्की."

चारच्या सुमाराला मॅडमचा फोन. "सर, तुम्ही अजून चिडलेले आहात का?"

मी तसाच कँटीनमध्ये गेलो. पेडणेकरांकडे स्क्रीनशॉट आधीच पोचला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि जीभ टाळ्याला लावून च्यक केलं.

"काळे, पूर्णविराम दिलात. तोही दोनदा."