कडक म्हणजे कसली कडक?

बायको माहेरी अक्कलकोटला गेली आणि मी भाकरी केली. भाकरी बिघडली तेव्हा पुरावा म्हणून फोटो काढला. संध्याकाळी मोबाईल भरला म्हणून सुप्रभातचे निरोप पुसत होतो, त्यांच्याबरोबर भाकरीही पुसली गेली. खरी भाकरी तोवर गल्लीतल्या गाईपुढे टाकली होती. तिनं हुंगली आणि पुढं गेली.

तरी मंगळवेढ्याच्या मावशीला फोन लावला.

"मावशी, भाकरी कडक झाली."

"मग? बरं झालं की!"

सोलापुरात भाकरी कडक झाल्याची तक्रार करणं म्हणजे लाडू गोड झाल्याची तक्रार करणं. इथं कडक भाकरी मुद्दाम करतात आणि डब्यात भरून गावोगाव नेतात.

"मोडताना कट्टकन मोडली का?"

"नाही. ओढावी लागली. चपलेच्या पट्ट्यासारखी."

"मग कडक म्हणू नको. वातड झाली म्हण. फुगली होती का?"

"एका कडेनं वाफ फुसकन गेली, आणि बसली."

"बाकीच्या कडा कशा होत्या?"

"महाराष्ट्राच्या नकाशासारख्या."

"नकाशा राहू दे. चिरा थापताना पडल्या का तव्यावर?"

हा प्रश्न मला स्वतःला सुचला नसता. डोळे मिटून परातीपाशी गेलो. तळहाताएवढी होईपर्यंत भाकरी गुणी होती. पुढं वाढवू लागलो तशा कडा फाटत गेल्या. मी बोटानं लिंपायचो, की शेजारी नवी चीर.

"थापतानाच."

"पिठाचा गोळा दाबल्यावर कसा वाटला?"

"ओल्या वाळूसारखा. मुठीत धरला तर राहतो, सोडला की ढासळतो."

"दळण कधीचं?"

"दिवाळीचं," म्हणालो. शिमगा आठवड्यावर आला होता.

"विरी गेली की रे त्याची!" मावशी एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मी फोन कानापासून लांब धरला. मग तिनं उलगडून सांगितलं. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो. पीठ जुनं झालं की आहे ती विरीही जाते, कडा फाटतात, फटीतून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. "आणि फुगेल फुगेल म्हणून तू ती तव्यावर ठेवूनच दिलीस. होय ना?"

होय. दहा मिनिटं. हे मी सांगितलंच नव्हतं.

उपाय तिनं दिला तो असा. वाटीभर पिठावर पाऊण वाटी उकळतं पाणी ओतायचं, उलथन्यानं हलवायचं आणि झाकून ठेवायचं. हाताला सोसेल इतकं निवलं की तळहातानं चांगलं रगडायचं. कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारायचा. मळायचं एका वेळी एकाच भाकरीपुरतं. "पण पीठ कडू लागत असेल तर गरम पाणीही काही करायचं नाही. टाकून दे."

चाखलं. कडू नव्हतं. दुसऱ्या दिवशी उकड काढून मळलं. कडेला दोनच चिरा पडल्या, आणि भाकरी अर्धी का होईना, फुगली! या खेपेला फोटो काढून लगेच मावशीला पाठवला आणि फोन केला.

"आला का फोटो?"

"आला असंल. चष्मा सापडंना. तू सांग की, कशी दिसते?"