व्याजदर आणि हप्ता पाहिला, एवढ्याने मंजुरीपत्र वाचून होत नाही

«कर्जाच्या मंजुरीपत्रात व्याजदर आणि हप्ता तेवढा बघायचा, बाकीची कलमे सगळीकडे सारखीच असतात. कर्ज कधीही मुदतीपूर्वी फेडता येते, आता त्यावर शुल्क लागत नाही. सही लवकर करा, नाहीतर ऑफर जाते.»

असा सल्ला कोणी दिला, तर तो जसाच्या तसा मानू नये. व्याजदर सारखा असूनही कर्ज कसे महाग होते, हे एका काल्पनिक वैयक्तिक कर्जावरून पाहू. मंजूर रक्कम ५ लाख, व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षे, म्हणजे हप्ता सुमारे ११,१२२ रुपये. प्रक्रिया शुल्क २ टक्के म्हणजे १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,८००. शिवाय कर्ज-विम्याचा एकरकमी हप्ता २०,०००. हे सारे वितरणाच्या वेळीच कापले गेले, तर खात्यात ४,६८,२०० रुपये येतात, पण हप्ता मात्र पूर्ण ५ लाखांवर चालतो. हातात आलेल्या रकमेवर हिशेब केला, तर खरा वार्षिक दर १५ टक्क्यांच्या जवळ जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एकत्र दाखवणारे पत्रक, देणे बंधनकारक आहे, आणि त्यातल्या एपीआरमध्ये, म्हणजे शुल्कांसह निघणाऱ्या वार्षिक दरात, कर्जदात्यामार्फत वसूल होणारा विमा हप्ताही धरावा लागतो. तुलना एपीआरची करावी.

यातला विमा सर्वांत सहज नजरेतून सुटतो, कारण त्याचा संमतीअर्ज सह्यांच्या गठ्ठ्यातच असतो. वैयक्तिक कर्जासाठी असा विमा सक्तीचा करणारा कोणताही नियम नाही. तो नको असल्यास वितरणापूर्वीच लेखी कळवून सुधारित पत्र मागावे.

मुदतपूर्व फेडीबाबतचे विधान अर्धेच खरे आहे. व्यक्तीने बिगर-व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या, बदलत्या दराच्या कर्जावर बँक असे शुल्क घेऊ शकत नाही. वैयक्तिक कर्ज मात्र बहुधा स्थिर दराचे असते. पत्रात ‘शिल्लक मुद्दलाच्या ४ टक्के’ असे लिहिले असेल, तर वरच्या कर्जात वर्षभरानंतरच्या सुमारे ४.२२ लाख शिलकीवर जीएसटीसह जवळपास २० हजार रुपये मोजावे लागतील. म्हणून दर स्थिर आहे की बदलता आणि शुल्क कशावर आकारले जाईल, हे दोन्ही शब्द शोधून वाचावेत.

‘हप्ता चुकल्यास व्याजदरात २ टक्के वाढ’ असे कलम दिसल्यास तेही थेट विचारावे. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवरचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही. तो वेगळे शुल्क म्हणूनच लावावा लागतो आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

सहीच्या घाईचे म्हणाल, तर सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी की फॅक्ट स्टेटमेंट किमान तीन कामकाजाचे दिवस वैध ठेवावे लागते, आणि त्या काळात अर्जदाराने होकार दिल्यास कर्जदाता त्यातल्या अटींना बांधील असतो. त्यात न दाखवलेले शुल्क पुढे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही.