कुणाकडून?

पोस्ट मोठी आहे. पाच महिने मनात होती, आज लिहून टाकते.

मला हर्पिस आहे. जननेंद्रियाचा, टाइप २. हे वाक्य आरशासमोर म्हणायलाही मला तीन आठवडे लागले होते.

मार्चमध्ये खाली चार-पाच बारीक फोड आले. लघवीचा थेंब लागला तरी जीव जायचा. मला वाटलं उन्हाळा आहे, लोकलचा घाम आहे. मेडिकलमधून खाजेचं मलम आणून लावलं तर आग आणखी वाढली. त्यात स्टेरॉइड होतं आणि हर्पिसवर ते लावायचं नसतं, हे पुढे कळलं. मग घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "मग हे कसं?"

त्या तीन शब्दांनी जे केलं ते फोडांनी केलं नव्हतं. पैसे दिले आणि तपासून न घेताच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून महापालिकेच्या रुग्णालयात गेले. केसपेपरवर शिक्का बसला 'त्वचा व गुप्तरोग'. लोकलच्या डब्यात त्या शब्दाची पत्रकं चिकटवलेली असतात, ती लहानपणापासून बघून नजर वळवायची सवय. आता तो शब्द माझ्या हातातल्या कागदावर होता आणि मी तो घडी घालून मुठीत धरून बसले होते.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी लग्नाचं विचारलं नाही. "ताप आला होता? अंग मोडून आलं? जांघेत गाठी आल्या?" तिन्हीला मी नाही म्हटलं. त्यांनी फोडावर कापूस फिरवून पीसीआरसाठी नमुना घेतला, एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त घेतलं, आणि हर्पिसच्या आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची, चाचणी बाहेरच्या लॅबमधून करायला सांगितली. "आयजीएम करू नका, कुणी सांगितली तरी," हेही बजावलं, कारण संसर्ग नवा की जुना हे ती चाचणी खात्रीने सांगू शकत नाही. सात दिवसांच्या असायक्लोव्हिरच्या गोळ्या लाल रंगाच्या किटमध्ये मिळाल्या, फुकट.

रिपोर्ट यायच्या आधीच माझा खटला चालू झाला होता. आठ महिन्यांपासून मी ज्याच्यासोबत आहे तोच आरोपी. जानेवारीत तो चार दिवस पुण्याला होता. कुठे उतरला होता, रात्री फोन का लागला नव्हता, सगळ्याचा मी हिशोब मांडला. दहा दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. कारणही सांगितलं नाही.

एचआयव्ही आणि सिफिलिसचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. एचआयव्हीची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची होती, ती झाली, तीही निगेटिव्ह. पीसीआरमध्ये टाइप २ निघाला. आणि आयजीजी पॉझिटिव्ह होती, आकडा सहाच्या वर. १.१ च्या वर गेलं की लॅब पॉझिटिव्ह लिहिते, पण तीन-साडेतीनपर्यंतचे आकडे पुष्कळदा फसवे निघतात. सहाला शंका उरत नाही.

मॅडमनी मग जे समजावलं ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय. शरीरात विषाणू आला की त्याविरुद्धची ही प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. माझं रक्त फोड आल्याच्या चौथ्या दिवशी घेतलेलं होतं आणि प्रतिपिंडं तेव्हाच भरपूर होती. म्हणजे विषाणू या फोडांच्या बऱ्याच आधीचा, निदान काही आठवडे तरी. तो कण्याच्या खालच्या टोकाशी, मज्जातंतूंच्या मुळाशी पडून राहतो, कधी वर्षानुवर्षं. पहिल्यांदा दिसलेले फोड म्हणजे पहिला संसर्ग नव्हे. ताप नव्हता, गाठी नव्हत्या, तेही त्याच्याशी जुळत होतं.

माझं आधीचं नातं पाच वर्षांपूर्वी संपलं. तिथून आला असावा. त्या माणसालाही बहुधा ठाऊक नसेल, कारण हर्पिस असलेल्या बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं. मग आरोपी कोण? मी? मला तरी कुठे माहीत होतं?

त्या रात्री मी माझा साबण, टॉवेल, बादली वेगळी केली. ताईची दोन वर्षांची लेक आली की तिला उचलून घेणं बंद केलं. पुढच्या फेरीत समुपदेशक बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "टॉवेलने, कमोडने, बादलीने हा पसरत नाही. त्या जागेच्या त्वचेचा थेट स्पर्श लागतो. पोरीला घ्या कडेवर."

त्याला सांगायचं होतं. व्हॉट्सअॅपवर चार वेळा लिहिलं, चारही वेळा पुसलं. बाईंनी एवढंच सांगितलं होतं: जवळीक सुरू झाल्यावर नको, रात्री नको, आणि दोघांपैकी कुणालाही उठून जाता येईल अशा जागी बसा. रविवारी सकाळी माटुंग्याला फाइव्ह गार्डनच्या बाकावर बसलो. पाठ करून गेले होते ते असं:

"मला हर्पिस निघालाय. रिपोर्टवरून तो जुना आहे, बहुधा तुझ्या आधीचा. मला माहीत नव्हता. तुलाही तपासून घ्यावं लागेल. आणि गेले दहा दिवस मी तुझ्यावर संशय घेत होते."

त्याने विचारलं, "म्हणजे नागीण? आजीला झाली होती." नागिणीलाही हर्पिस म्हणतात, पण तो कांजिण्यांचा विषाणू, हा वेगळा, एवढं सांगितलं. मग तो बराच वेळ समोरच्या झाडाकडे बघत होता. "मला वेळ दे," म्हणाला आणि गेला.

नऊ दिवस फोन नाही. मला राग आला नाही, हे आज जास्त महत्त्वाचं वाटतं. मी दहा दिवस गप्प बसले होते, त्याला नऊ मिळायलाच हवे होते.

दहाव्या दिवशी आला तो प्रश्नांची यादी घेऊन. आम्ही दोघं मॅडमकडे गेलो. त्याची आयजीजी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हाही निगेटिव्ह. म्हणजे धोका त्याला होता, आणि मला तो कमी करायचा होता. मॅडमनी २००४ चा एक अभ्यास सांगितला. १४८४ जोडपी, एकाला टाइप २, दुसऱ्याला नाही. संसर्ग असलेल्याने रोज व्हॅलासायक्लोव्हिरची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर आठ महिन्यांत जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ३.६ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आलं. जवळजवळ निम्मं. शून्य मात्र नाही, कारण फोड नसतानाही विषाणू अधूनमधून त्वचेवर येतो. कंडोमने धोका आणखी कमी होतो, तोही शून्य होत नाही. "आता ठरवा," म्हणाल्या. त्याने ठरवलं. तो त्याचा निर्णय होता, माझ्यावर केलेले उपकार नव्हेत, हे मी त्याला तिथेच जिन्यात सांगितलं. त्याने मान हलवली.

जूनमध्ये पुन्हा झालं. आदल्या दिवशी डाव्या मांडीत मुंग्या आल्या, कमरेत कळ. मी ओळखलं. त्याला फोन करून म्हटलं, "या आठवड्यात नको, येतंय." बरं म्हणाला आणि मॅचबद्दल बोलू लागला. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की हे सांगताना माझा आवाज कापला नव्हता. पहिल्या वर्षी असं तीन-चार वेळा होऊ शकतं, पुढे हळूहळू कमी होतं. दोन फोड आले आणि चार दिवसांत सुकले.

गेल्या आठवड्यात ताईला सांगितलं. तीही आधी नागीणच म्हणाली. मग सगळं ऐकलं आणि तिने एकच प्रश्न विचारला, "दुखतं का गं खूप?" 'कुणाकडून' हे तिने विचारलंच नाही. लेकीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.